दोन आठवड्यांचा खोकला: काशीत टीबीची तपासणी कुठे, कोणती आणि किती पैशांत

अमृतराव घाट आता राजा घाट म्हणून ओळखला जातो. पेशवे घराण्यातल्या अमृतरावांचं नाव लागलेल्या या घाटामागच्या गल्ल्यांमध्ये दमट भिंतींची जुनी घरं आहेत, थंडीत धुकं असतं आणि वर्षभर धूर असतो. त्यामुळे इथे खोकला झाला की आधी हवेला दोष दिला जातो. काशीयात्रेला आलेले आपले लोक तर ‘गार पाण्यात डुबकी मारली, तेच बाधलं’ म्हणून गावी परततात. साधी सर्दी, व्हायरल किंवा धुळीचा त्रास असेल तर खोकला बहुधा दोन आठवड्यांत ओसरू लागतो. तसं झालं नाही तर खोकल्याचं औषध बदलत बसू नये, बेडका तपासून घ्यावा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. खरे पैसे जातात ते तिथे पोहोचण्याआधी.

कधी थांबायचं नाही

दोन आठवडे ही मोठ्या माणसांसाठीची साधारण मर्यादा आहे. बेडक्यात रक्त दिसलं, घरात कुणाला टीबी झालेला असला, किंवा खोकणाऱ्याला एचआयव्ही असला तर तेवढं थांबू नये. खोकला किरकोळ असला तरी संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम आणि सैल होत चाललेले कपडे ही लक्षणं तपासणीला पुरेशी आहेत. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं, कारण त्यांना टीबी होण्याचा धोका जास्त असतो.

कुठे जायचं

अमृतराव घाटाकडून सोयीचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे कबीरचौऱ्याचं शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय. दुसरा पर्याय बीएचयूचं सर सुंदरलाल रुग्णालय. पर्चीचे नाममात्र पैसे द्यावे लागतात. खिडकीवर ‘बलगम की जाँच करानी है’ असं स्पष्ट सांगावं, म्हणजे साध्या खोकल्याच्या रांगेत वेळ जात नाही. सकाळी लवकर पोहोचावं आणि आधार कार्ड सोबत ठेवावं. कुठे जायचं ते कळत नसेल तर 1800-11-6666 ही टीबीची मोफत हेल्पलाइन आहे.

कोणती तपासणी काय सांगते

पहिली आणि सर्वांत कामाची तपासणी म्हणजे बेडक्यातल्या जंतूंच्या जनुकांची. त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीन वापरतात. ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे. बॅटरीवरही चालत असल्यामुळे ते छोट्या केंद्रांतही ठेवता येतं. सीबीनॅट साधारण दोन तासांत टीबी आहे का हे सांगतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही त्याच वेळी सांगतं. ट्रूनॅटमध्ये टीबीचं उत्तर तासाभरात येतं आणि रिफाम्पिसिनसाठी आणखी एक चिप लावावी लागते. रिपोर्ट हातात यायला मात्र रांगेप्रमाणे एखादा दिवस लागू शकतो.

जुनी पद्धत सूक्ष्मदर्शकाची. तिच्यात जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि खोकला तसाच राहिला, तर ‘सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झालं का’ हे विचारायलाच हवं.

छातीचा एक्स-रे डाग दाखवतो, पण तो डाग टीबीचा, न्यूमोनियाचा की जुन्या आजाराचा हे एकट्या एक्स-रेवरून ठरत नाही. मशीनचा रिपोर्ट निगेटिव्ह असून एक्स-रे संशयास्पद असेल तर पुन्हा नमुना घेतात आणि कल्चर लावतात. कल्चरला काही आठवडे लागतात, कारण हे जंतू फार हळू वाढतात.

ज्यांना आधी टीबी होऊन गेला आहे त्यांनी ते नोंदणीतच सांगावं. मेलेल्या जंतूंचे अवशेषही मशीनला सापडू शकतात, त्यामुळे त्यांच्या रिपोर्टचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

नमुना बिघडतो तो इथे

पुष्कळदा डबीत थुंकी जाते आणि बेडका जातच नाही. पातळ, फेसाळ थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. दोनतीन वेळा खोल श्वास घेऊन सोडावा, मग छातीच्या तळातून जोरात खोकून आलेला घट्ट बेडका डबीत घ्यावा. तो निदान दोन मिलिलिटर तरी हवा. हे गच्चीवर किंवा उघड्यावर करावं. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात केलं तर जंतू हवेत राहतात. झाकण घट्ट लावून नमुना त्याच सकाळी पोहोचवावा.

पैसे कुठे जातात

समजा, घाटाजवळच्या एका साठीच्या काकांना वीस दिवसांपासून खोकला आहे. दोन डॉक्टरांची फी, दोन वेगळे अँटिबायोटिक आणि सिरप यांत दीडदोन हजार सहज जातात. मग कुणी रक्ताची इग्रा तपासणी सुचवतं. तिला खाजगी लॅबमध्ये साधारण दोन-तीन हजार पडतात. ती शरीरात जंतू कधी शिरला होता का एवढंच सांगते, आज आजार आहे का ते सांगत नाही. पुढे सीटी स्कॅनचे आणखी काही हजार. एवढं होऊनही बेडका तपासलेला नसतो. काका आधीच कबीरचौऱ्याला गेले असते तर त्यांचा खर्च रिक्षाभाडं आणि पर्ची एवढाच झाला असता.

खाजगीतच जायचं असेल तर सीबीनॅटला दोन हजारांच्या आसपास आणि एक्स-रेला काहीशे रुपये धरावेत. लॅबप्रमाणे दर बदलतो, म्हणून आधी विचारून घ्यावं. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या किटवर 2012 पासून देशात बंदी आहे. कुणी ती तपासणी सांगितली तर नकार द्यावा.

अँटिबायोटिकबाबत एक धोका लक्षात ठेवावा. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं टीबीच्या जंतूंवरही काही काळ परिणाम करतात. खोकला थोडा कमी होतो, निदान लांबतं, आणि जंतू या औषधांना निर्ढावण्याची भीती राहते. बेडका दिल्याशिवाय ती सुरू करू नयेत.

टीबी निघालाच तर

निदान झालं की निक्षय क्रमांक मिळतो. साध्या टीबीला सहा महिन्यांची औषधं मोफत मिळतात. साखर आणि एचआयव्हीची तपासणीही मोफत होते. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिन्याला 1,000 रुपये थेट बँक खात्यात येतात, म्हणून पासबुकाची प्रत पहिल्याच दिवशी द्यावी. खाजगी डॉक्टरकडे उपचार घेत असाल तरी नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि हे पैसे तिथल्या रुग्णालाही मिळतात.

यात्रेकरूंसाठी सर्वांत उपयोगाचं म्हणजे हा क्रमांक देशभर चालतो. निदान काशीत झालं आणि घर नाशिकला किंवा सोलापूरला असलं, तरी केंद्रातल्या माणसाला ‘आमची केस आमच्या जिल्ह्यात ट्रान्सफर करा’ म्हणून सांगावं. पुढच्या गोळ्या गावच्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. निघण्यापूर्वी रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढावा, निक्षय क्रमांक लिहून घ्यावा आणि प्रवासाला पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात. गावी पोहोचल्यावर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही त्यांना तो होऊ नये म्हणून द्यायची औषधंही मोफतच मिळतात.