फोटोवरून पिल्लू ओळखताना

आपल्या भागात हल्ली नागपूरकडून मोबाइलवर पिल्लांचे फोटो येतात आणि फोटोवरच सौदा ठरतो. सौंसरकडच्या एका संत्रा बागायतदाराला असाच एक फोटो आला. पिल्लू फिकट पिवळे, लॅब्रेडॉर म्हणून सांगितलेले, आणि आगाऊ रक्कम मागितलेली. त्यांना बागेत राहणारा, आखूड केसांचा कुत्रा हवा होता. लांब केसांत कुसळे व गोखरू अडकतात, गोचिड्या लपून बसतात, म्हणून ही निवड योग्यच होती.

आता अडचण अशी की, लॅब्रेडॉर व गोल्डन रिट्रीव्हर ही पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची असताना जवळजवळ सारखीच दिसतात. रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण दुधाळ पांढऱ्यापासून गडद सोनेरीपर्यंतच्या छटा दोन्हींत आढळतात. काळे किंवा चॉकलेटी असेल तर ते गोल्डन नव्हे, एवढेच रंग सांगतो. समोरून काढलेला गोड चेहऱ्याचा फोटो विक्रेत्याच्या उपयोगाचा, आपल्या नव्हे.

म्हणून आम्ही त्यांना आणखी दोन फोटो मागवायला सांगितले: एक पिल्लू बाजूने उभे असलेला, शेपटी पूर्ण दिसेल असा, दुसरा त्याच्या आईचा. लॅब्रेडॉरची शेपटी बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती होत जाते आणि तिच्यावर चहूबाजूंनी आखूड दाट केस असतात. गोल्डनच्या शेपटीला खालच्या बाजूने झालर फुटते. कानांवरचे केसही मऊ, किंचित कुरळे दिसू लागतात. हे पिल्लू बारा आठवड्यांचे होते. त्याच्या शेपटीखाली झालर स्पष्ट होती, आईच्या छातीवर व मांड्यांमागे लांब केस होते. सौदा तेथेच थांबला.

(हस्की आणि मॅलाम्यूट यांचा घोळ त्या मानाने सोपा. डोळा निळा असला तर मॅलाम्यूट नव्हे, कारण त्याचे डोळे तपकिरी असतात. पण बर्फाच्या मुलखातले हे प्राणी पांढुर्ण्याच्या मे महिन्यात कशाला आणावेत?)

फोटोची मर्यादाही ध्यानात घ्यावी. आखूड केसांचा गुण लांब केसांवर प्रबळ असतो. त्यामुळे लॅब्रेडॉर व गोल्डन यांच्या संकरातील पिल्ले सहसा आखूड केसांचीच निघतात आणि हुबेहूब लॅब्रेडॉर वाटतात. झालर दिसली तर "हे बहुधा लॅब्रेडॉर नव्हे" असे म्हणता येते. झालर नसली म्हणून ते शुद्ध ठरत नाही. त्यासाठी केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पाहावे आणि पशुवैद्याकडे यंत्राने पिल्लाच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा क्रमांक वाचून घ्यावा. तो प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळला नाही, तर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा आहे. आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकताच येत नाही. तसे कोणी देऊ लागला, तर फोटो पाहायचेही कारण नाही.