दसऱ्यासाठी झेंडूची घाऊक खरेदी

दसऱ्याच्या सुमारास पुष्कळ मंडळी बाजारातील सर्वांत स्वस्त गोणी पाहून झेंडू घेतात. झेंडू वजनावर विकला जातो, आणि वजनात फुलाबरोबर पाणीही येते, हे तेव्हा ध्यानात राहात नाही.

प्रथम गरज ठरवावी. फुले दाबून ओवण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते. याकरिता वीतभर नमुना ओवून फुले मोजावी. मध्यम फूल एका फुटास सुमारे दहा लागते, असे धरू. देवळासाठी चार-चार फुटांच्या वीस माळा व चाळीस फूट तोरण करावयाचे झाल्यास एकूण १२० फूट, म्हणजे १,२०० फुले लागतील. अशी कोरडी फुले किलोस दीडशे भरली, तर आठ किलो पुरतील. चुरगळलेल्या फुलांसाठी एक किलो अधिक धरून नऊ किलो घ्यावीत. कोरड्या मालाचा भाव किलोस ६० रुपये असल्यास ५४० रुपये पडतील.

आता शेजारीच ओला माल ५० रुपयांस मिळत आहे असे समजा. त्यात पंचमांश पाणी असेल, तर तितकीच फुले मिळण्यास सव्वाअकरा किलो घ्यावी लागतील. त्यांचे ५६२ रुपये ५० पैसे होतात. हिशेबाची सवय असलेल्या माणसास हा आकडा पुरेसा बोलका वाटेल; शिवाय तो माल टिकत नाही, हे निराळेच.

परीक्षा सोपी आहे. फूल उलटे धरून झटकावे. थेंब पडल्यास ते ओले आहे. देठाकडील हिरवा पेला काळसर अथवा मऊ झाला असल्यास पाकळ्या ताज्या दिसत असूनही ते फूल आतून सडू लागले आहे. क्रेट अगर गोणी असेल तर हात मध्यापर्यंत घालून पाहावा. तोडलेले फूलही श्वसन करिते व उष्णता सोडते. ढिगात ती कोंडली जाऊन मधला माल प्रथम खराब होतो. वरची फुले पाहून सौदा करणे म्हणून व्यर्थ आहे. मधल्या पाकळ्या अद्याप मिटलेल्या असलेली फुले पूर्ण उमललेल्यांपेक्षा अधिक टिकतात.

घरी आणताच गोणी सोडून फुले सावलीत, वारा लागेल अशा जागी, तरटावर पातळ पसरावी व डागी फुले वेचून काढावी. पाणी मारू नये. ताजेपणासाठी मारलेले पाणी पाकळ्यांत साचून बुरशी आणते. अशा रीतीने दोन दिवस सहसा निभतात. त्याहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास कोरडी फुले कागद घातलेल्या, भोके पाडलेल्या पिशवीत भरून शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवावी. चार-पाच दिवस जातात. पिशवीच्या आत थेंब दिसल्यास कागद बदलावा.

माळा आदल्या रात्री ओवून घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याखाली टोपलीत सैल ठेवाव्या. एकावर एक दाबल्यास सकाळी खालच्या माळेच्या पाकळ्या गळतात.