स्क्रीनवर पहिली दिसलेली ऑर्डर आधी बाहेर जाईलच असं नाही

किचनमध्ये स्क्रीन बसवली की बरेच जण समजतात, वरची ऑर्डर आधी करायची, मग खालची. संध्याकाळच्या शिफ्टला पहिल्या अर्ध्या तासात सगळा घोळ इथेच होतो.

उदाहरण घेऊ. एक तंदूरवाला, एक ग्रेव्हीवाला, दोन शेगड्या. 7:02 ला टेबल 4: हाफ तंदुरी चिकन, पनीर बटर मसाला, 4 रोट्या. 7:04 ला टेबल 7: पनीर बटर मसाला, 3 रोट्या. 7:06 ला टेबल 2: दाल फ्राय, जीरा राईस. चिकनला कापून-सजवून 18 मिनिटं, पनीरला 8, दालला 6, राईसला 4, रोट्यांना 3.

आता उलटं मोजा. टेबल 4 चं चिकन लगेच लावलं तर 7:20 ला तयार. म्हणजे त्याच टेबलचं पनीर 7:12 ला सुरू करायचं आणि रोट्या 7:17 ला. मधल्या वेळात ग्रेव्हीवाला रिकामा नाही. 7:04 ला तो टेबल 7 चं पनीर घेतो, रोट्या 7:09 ला लागतात आणि 7:12 ला ताट जातं. दुसऱ्या शेगडीवर दाल 7:06 ला, तीही 7:12 ला तयार. राईस आधीच शिजलेला असतो, दाल झाली की त्याच शेगडीवर फोडणी देऊन 7:16 ला दोन्ही एकत्र पाठवा. म्हणजे टेबल 4 आधी येऊनही शेवटी जातं, आणि ते बरोबर आहे. पापड-सॅलड आधी द्यायला वेटरला सांगा.

"दोन्ही पनीर एकदमच टाकतो, गॅस वाचेल," असं आचारी म्हणेल. ग्रेव्हीचा बेस एकत्र घ्यायला हरकत नाही. पण पनीर टाकून भाजी 8 मिनिटं तशीच ठेवली की पनीर चामट होतं आणि भाजी पुन्हा गरम करावी लागते. मला तरी ही बचत महागात पडलेली आहे.

आता स्क्रीनचं सेटिंग. सगळ्याच ऑर्डरी 10 मिनिटांनी लाल होत असतील, तर टेबल 4 वेळेत असूनही 7:12 ला लाल दिसतं. आचारी घाबरतो, रोट्या आधीच काढतो आणि चिकन येईपर्यंत त्या वाळतात. शक्य असेल तर तंदूरच्या पदार्थांना वेगळी वेळ लावा. सोय नसेल तर तंदूर आहे त्या टेबलाला लाल रंग म्हणजे उशीर नाही, हे शिफ्टआधीच सांगून ठेवा.

दुसरं, दुपारच्या न मिटवलेल्या ऑर्डरी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी काढा. नाहीतर जुनी दाल पुन्हा बनते आणि ती कोणाचीच नसते.

आणि वरची 18 मिनिटं फक्त तापलेल्या तंदूरची आहेत. पहिली रोटी भिंतीला न चिकटता घसरून खाली पडली तर तंदूर अजून तयार नाही. अशा वेळी चिकनला 25 मिनिटं धरा, पनीर आणि रोट्या तेवढ्याच पुढे ढकला, आणि टेबल 4 वर वेटरने ऑर्डर घेतानाच तेवढा वेळ सांगावा.