परीक्षक आधी मागची पानं उघडतात

पोरी, प्रबंध हातात आला की पुष्कळ परीक्षक पहिलं प्रकरण उघडत नाहीत, मागची पानं उघडतात. म्हणून तुझ्या विषयापुरतं सांगते. १८७५चे दख्खनचे दंगे आणि सावकारी कर्ज हा तुझा विषय. तुला तीन वेगवेगळ्या याद्या कराव्या लागतील आणि प्रत्येकीला वेगळ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. ते प्रश्न मनात पक्के असले की कुठलं नाव कुठं घालायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

पहिली संदर्भसूची. तिचा प्रश्न असा : ‘हे वाक्य तुम्ही कशाच्या आधारे लिहिलंत?’ मजकुरात ज्याचा हवाला दिला तेवढंच तिच्यात यायचं, आणि हवाला दिलेलं एकही सुटता कामा नये. एपीए पद्धतीत शेवटी हीच यादी असते. एमएलएवाले तिला ‘वर्क्स सायटेड’ म्हणतात. तू लिहिलंस की रयतवारी आणि नव्या न्यायालयांमुळे कुणबी आणि वाणी यांच्यातला जुना तोल सावकाराकडे झुकला, आणि कंसात (कुमार, १९६८) घातलंस. मग यादीत रविंदर कुमार यांचं ‘वेस्टर्न इंडिया इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’ त्याच सालासह हवं. मजकुरात १९६८ आणि यादीत १९८६ असं झालं, तर वाचणाऱ्याला ती दोन पुस्तकं वाटतात.

ही चूक पडद्यावर दिसत नाही. प्रबंध छापून घे. एका हातात प्रकरण, दुसऱ्या हातात यादी. कंसातलं नाव भेटलं की यादीत त्याच्यापुढं खूण कर. यादीत सापडलं नाही तर समासात फुली मार. सगळी प्रकरणं झाल्यावर यादीत ज्यांच्यापुढं खूण नाही ती नावं या सूचीतून काढ. दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय संदर्भसूची पुरी झाली असं म्हणू नकोस.

इथं एक खाचखळगा आहे. दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८७६चा अहवाल तू पाहिलाच नाहीस. त्यातला उतारा तुला नील चार्ल्सवर्थ यांच्या लेखात सापडला. तर मजकुरात ‘चार्ल्सवर्थ यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिही आणि यादीत चार्ल्सवर्थच ठेव. अहवालाची नोंद केलीस तर तो तू स्वतः चाळलास असा अर्थ होतो, आणि तोंडी परीक्षेत त्याच्या परिशिष्टांबद्दल विचारलं तर उत्तर नसतं. तसंच फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चं. लेखन १८८३चं, पण तुझ्या हातात ‘समग्र वाङ्मय’. कीर-मालशे यांनी संपादित केलेली १९६९ची प्रत, की फडक्यांनी नंतर संपादलेली? दोन्हींतले पृष्ठांक एक असतील असं धरून चालू नकोस. जी प्रत उघडलीस तिचंच साल आणि संपादक लिही.

दुसरी ग्रंथसूची. तिचा प्रश्न : ‘या विषयाचं कुठलं साहित्य तुमच्या अभ्यासात होतं, आणि पुढच्या अभ्यासकानं कुठून सुरुवात करावी?’ शिकागोच्या तळटीप पद्धतीत शेवटी ही यादी येते, आणि प्रत्यक्ष हवाला न दिलेली पुस्तकंही तिच्यात बसतात. सुमित गुहा यांचं बॉम्बे डेक्कनच्या शेतीव्यवस्थेवरचं १९८५चं पुस्तक घे. समज, त्यातलं एकही वाक्य तू घेतलं नाहीस, पण ते वाचल्यावर तुझ्या दुसऱ्या प्रकरणाची मांडणी बदलली. ते इथं हक्कानं येतं. कसोटी एवढीच : हे पुस्तक वाचलं नसतं तर माझ्या प्रबंधात काही वेगळं झालं असतं का? नसेल, तर ते गाळ. नुसती कपाटावर पाहिलेली नावं भरून यादी लांबवणारे पुष्कळ असतात. परीक्षक त्यातलंच एखादं नाव उचलतो आणि विचारतो, “याचा मुख्य मुद्दा काय?”

ग्रंथसूचीची मांडणीही बोलते. पुराभिलेखागारातली महसूल खात्याची दप्तरं, छापील सरकारी अहवाल, समकालीन वृत्तपत्रं आणि नंतरचे अभ्यास यांचे वेगळे गट कर. एकेक पत्राची नोंद तळटिपेत राहू दे. सूचीत खातं, खंड आणि वर्षं पुरेत. मराठी आणि इंग्रजी नोंदी वेगळ्या ठेव, म्हणजे वर्णक्रमाचा गोंधळ होत नाही. एवढ्यावरून कळतं की तू मूळ कागदांवर उभी आहेस की इतरांच्या पुस्तकांवर. पहिल्या गटात दोनच नोंदी आणि शेवटच्यात साठ असतील, तर प्रस्तावनेत ‘मूळ साधनांवर आधारित’ असं लिहू नकोस.

तिसरी सटीप ग्रंथसूची. तिचा प्रश्न : ‘हे वाचून तुम्ही काय ठरवलंत?’ प्रत्येक नोंदीखाली एक छोटी टीप असते. ही बहुधा प्रबंधाला जोडायची नसते. आराखडा मंजूर होण्याआधी मार्गदर्शक मागतात. बहुतेक जण लेखाचा गोषवारा उतरवतात किंवा ‘अत्यंत उपयुक्त लेख’ असं लिहून मोकळे होतात. गोषवारा लेखकाचा असतो, त्याला तुझा प्रश्न ठाऊक नसतो. टिपेत चार गोष्टी असू देत : म्हणणं काय, आधार कशाचा, कुठं तोकडं पडतं, आणि मला कशासाठी. चार्ल्सवर्थ यांच्या १९७२च्या लेखावर मी अशी लिहीन :

‘दख्खनच्या दंग्यांना इतिहासलेखनात मिळालेलं मोठं स्थान घटनांच्या प्रत्यक्ष आवाक्याशी जुळत नाही, असं लेखकाचं म्हणणं. दंग्यांचा विस्तार मर्यादित होता आणि रोख मुख्यतः कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता, याकडे ते लक्ष वेधतात. कुमार यांच्या सामाजिक स्पष्टीकरणाला हा उतारा आहे. मात्र विस्तार थोडा म्हणून कारणंही उथळ होती असं ठरत नाही. शिवाय रोखेच का जाळले, हा माझा प्रश्न इथं पुरता सुटत नाही. तिसऱ्या प्रकरणात सुप्याच्या १२ मे १८७५च्या घटनेचं वजन ठरवताना वापरायचा.’

बघ, यात स्तुती नाही आणि शेवटच्या वाक्यात प्रकरणाचा क्रमांक आहे. शेवटचं वाक्य सुचत नसेल, तर ते पुस्तक तुझ्या कामाचं नाही असं समज आणि पुढं जा.

टिपा म्हणजे साहित्याचा आढावा नव्हे, हेही ध्यानात ठेव. टिपेत कुमार आणि चार्ल्सवर्थ वेगवेगळ्या पानांवर राहतात. आढाव्यात ते एकाच परिच्छेदात समोरासमोर येतात आणि तू कुणाकडे का झुकतेस ते सांगतेस. पण टिपा चोख असतील तर तो परिच्छेद एका बैठकीत लिहून होतो.

कामाचा क्रम उलटा धर. आधी टिपा लिही, पुस्तक हातात असतानाच. त्यांतून ग्रंथसूची निवड. संदर्भसूची मात्र शेवटचं प्रकरण पक्कं झाल्यावरच कर, कारण एक परिच्छेद गाळला तरी तिच्यातलं एखादं नाव कमी होतं. आणि विद्यापीठाच्या नियमावलीत शेवटच्या यादीला कुठलं शीर्षक मागितलंय ते आधी बघ. ‘संदर्भसूची’ मागितली असेल, तर गुहांचं पुस्तक कितीही आवडतं असलं तरी एक तर मजकुरात त्याचा खरा हवाला दे, नाही तर यादीतून काढ.