टेप तीच, मापं वेगळी का?

प्रश्न : चेन्नईत टी. नगरला कुर्ता-सलवार शिवायला टाकायची आहे. घरी मापं घेतली तर छाती एकदा ३६, एकदा ३७ इंच आली. कंबरेचंही तेच. खरं कोणतं?

उत्तर : ताई, बहुधा टेप पाठीमागे घसरली असावी. स्वतःचं माप घेताना पाठ दिसत नाही, म्हणून आरशाकडे बाजू करून उभ्या राहा. छातीच्या सर्वांत भरल्या भागावरून टेप पाठीपर्यंत जमिनीला समांतर हवी. पॅडची ब्रा किंवा जाड कुर्ता असला की आकडा वाढतो; कुर्त्याच्या आत घालणार तीच अंतर्वस्त्रं घाला, हात खाली सोडा. श्वास रोखू नका, सोडून झाल्यावर आकडा वाचा.

कंबर म्हणजे परकराची नाडी नव्हे. बाजूला वाका, घडी पडेल तिथे दोरा बांधा. कुर्त्याची कंबर ती. सलवारीच्या नाडीच्या जागेचं माप वेगळं लिहा. सीट मात्र पाय जुळवून, सर्वांत रुंद भागावर.

टेपखाली एक बोट सहज सरकावं, पण ती लोंबू नये. शिंपी सैलपणा स्वतः धरतो, तुम्ही आधीच वाढवलंत तर कुर्ता झोळ्यासारखा होईल. जुनी कापडी टेप ताणलेली असू शकते, स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा.