थेट मुलाखतीने माणसे नेमताना: मंगळवारी भेट, गुरुवारी उत्तर

ओझरच्या व्यापाऱ्याची माणसांची अडचण इतर गावांहून थोडी वेगळी आहे. 1964 पासून येथे विमान कारखाना आहे, त्यामुळे आय. टी. आय. झालेल्या मुलाची नजर आधी तिकडे असते. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक आणि पिंपळगाव बसवंत दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत. पिकअप चालवणारा हुशार ड्रायव्हर जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या मागे आणि पावसाळ्यानंतर टोमॅटोच्या मागे धावतो. अशा वेळी दुकानदाराने अर्ज मागवून महिनाभर विचार केला तर हाती तोच उमेदवार उरतो, ज्याला दुसऱ्या कोणी घेतले नाही. म्हणून ड्रायव्हर आणि काउंटरवरचा माणूस यांच्यासाठी एका दिवसाची थेट मुलाखत आणि त्याच आठवड्यात उत्तर ही पद्धत बरी. शक्य असेल तर ती मे-जूनमध्ये, द्राक्षे संपल्यावर आणि टोमॅटो सुरू होण्याआधी ठेवावी.

आपण एक उदाहरण धरू. महामार्गालगत टाइल्स आणि हार्डवेअरचे दुकान आहे, मागे गोदाम आहे. दोन पिकअप ड्रायव्हर आणि तीन काउंटर सहायक हवे आहेत. मालकाने पाटी लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहिल्या पाहिजेत: तासाचा दर, कामाच्या वेळा आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाला. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. धाकटा भाऊ मुलाखत घेतो, मोठे भाऊ मुंबईला माल घ्यायला गेलेले असतात, आणि निर्णय त्यांच्या परत येण्यावर अडतो. तोवर ड्रायव्हर पिंपळगावला रुजू झालेला असतो.

दराचा हिशेब साधा आहे. महिन्याला 15,600 रुपये द्यायचे ठरले तर 26 दिवसांनी भागल्यावर रोज 600 आणि आठ तासांनी भागल्यावर तासाला 75 रुपये होतात. जादा तासांचा मोबदला दुप्पट, म्हणजे 150 रुपये धरावा. हा आकडा सरकारी किमान वेतनाच्या खाली जात नाही ना, हे आधी पाहावे. त्यातील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा कागद चालत नाही. मग हा दर पाटीवर स्पष्ट छापावा. ‘योग्य पगार दिला जाईल’ असे लिहिणाऱ्याकडे गर्दी होते खरी, पण आकडा ऐकून निम्मी माणसे उठून जातात आणि दुकानाचा दिवस वाया जातो.

पाटी कोठे लावायची? आपल्यापैकी बरेच जण मशिदीबाहेर जुम्म्याला दोघातिघांच्या कानावर घालतात आणि तेवढ्यावर थांबतात. त्याने ओळखीची मुले येतात, पण एकाच मोहल्ल्यातली. ग्राहक निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतले शेतकरीही आहेत. त्यामुळे बसस्टँड, पेट्रोल पंप, टायरची दुकाने आणि द्राक्षांची पॅकिंग केंद्रे येथेही पाटी हवी. टायरवाल्याला तर कोणता ड्रायव्हर गाडी नीट ठेवतो हे पाटीपेक्षा जास्त ठाऊक असते.

दिवस मंगळवार धरू. वेळ सकाळी दहा ते एक आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते आठ. संध्याकाळची वेळ विसरू नये, कारण ज्याला आज नोकरी आहे तो रजा टाकून सकाळी येत नाही, आणि बहुधा तोच चांगला असतो. समजा तीस माणसे आली. प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तरी अडीच तास जातात. त्यातून बारा निवडून पंधरा मिनिटांची दुसरी भेट घेतली तर आणखी तीन तास. एका माणसाकडून हे होणार नाही. दारात एकाने क्रमांकाची चिठ्ठी द्यावी, नाव, वय आणि फोन लिहून घ्यावा आणि दर पुन्हा सांगावा. आत दुसऱ्याने बोलावे.

बोलण्यापेक्षा काम करवून पाहावे. काउंटरच्या उमेदवाराला तीन वस्तूंचे बिल हाताने लिहायला सांगावे, आणि खोली 12 फूट बाय 10 फूट असेल तर 2 फूट बाय 2 फूटच्या किती टाइल्स लागतील ते विचारावे. उत्तर 30 येते. तुटफुटीसाठी दोन-तीन जादा घ्या असे जो आपणहून म्हणेल त्याने हे काम पूर्वी केलेले आहे. मात्र दिवसभर काउंटरवर उभे करून पाहायचे असेल तर त्या दिवसाची मजुरी द्यावी.

ड्रायव्हरच्या बाबतीत चावी हातात देण्यापूर्वी परवाना पाहावा. मूळ परवाना किंवा डिजिलॉकरमधील प्रत चालते, पण क्रमांक आणि जन्मतारीख घालून parivahan.gov.in वर तो खरा आणि चालू आहे का हे तपासावे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस मालासह एकूण 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. वेगळी नोंद लागत नाही. पिकअपला हे पुरते, मोठ्या ट्रकला नाही. मालवाहू वाहनासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. गाडीचा विमा चालू आहे का, हेही त्याच दिवशी पाहावे.

चाचणी बुधवारी, थेट महामार्गावर नव्हे. गोदामाच्या गल्लीत उलटी गाडी घ्यायला लावावी. निघण्यापूर्वी टायर, पाणी आणि माल बांधलेली दोरी पाहतो का, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते. टाइल्सची पेटी खड्ड्यातून नेताना जो वेग कमी करतो, तो माल सुखरूप पोहोचवतो.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सर्व बारा जणांना फोन जावा, नकार असला तरी. निवडलेल्यांना दोन प्रतींत चिठ्ठी द्यावी: कामाचे नाव, तासाचा दर, वेळा, साप्ताहिक सुट्टी, पगाराची तारीख, रुजू होण्याचा दिवस, आणि होकार कधीपर्यंत द्यायचा. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी दुकान किती वेळ बंद असते आणि तो वेळ पगारात धरतात की नाही, रमजानमध्ये वेळा कशा बदलतात, हेही त्यात लिहावे. नंतर याच गोष्टींवर कुरबूर होते. अनामत रक्कम घेऊ नये आणि परवाना ठेवून घेऊ नये. परवाना मालकाच्या गल्ल्यात पडला तर ड्रायव्हर रस्त्यावर कागदाविना फिरणार.

होकार शुक्रवार संध्याकाळपर्यंत मागावा आणि सोमवारी रुजू करावे. पाचही जण येतीलच असे धरू नये. सहाव्या आणि सातव्या क्रमांकाच्या उमेदवाराला खरे तेच सांगावे, की जागा रिकामी झाली तर शनिवारी कळवू, आणि शनिवारी काहीही झाले तरी फोन करावा. रविवारी संध्याकाळी निवडलेल्या पाचही जणांना पुन्हा एकदा विचारावे. ज्याचा फोन दोनदा लागत नाही, त्याची जागा त्याच रात्री सहाव्याला द्यावी.

कोठे बिघडले हे वहीवरून कळते. माणसेच कमी आली तर पाटीची जागा किंवा वेळ चुकली. आली पण दारातूनच परतली तर दर कमी आहे. हो म्हणाली आणि सोमवारी आली नाहीत तर बहुधा उत्तराला उशीर झाला. आठवड्यात सोडून गेली तर चिठ्ठीत लिहिलेले आणि प्रत्यक्ष काम यांत फरक आहे. बहुतेक वेळा काउंटरसाठी घेतलेल्या मुलाला गोदामात पेट्या उचलायला लावलेले असते.