अनामिका कोठे टेकते?

उमरग्यात माझ्या शेजारी राहणारा नववीतला एक मुलगा तबला शिकतो. त्याचा 'ना' काही केल्या वाजेना. पुडी बिघडली असे समजून तो तबला दुरुस्तीला नेण्याच्या बेतात होता. पण पुडी चांगली होती. चूक होती ती त्याच्या अनामिकेची, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाची.

साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली, तर त्यातून अनेक स्वर एकदम निघतात. सर्वांत खालच्या स्वराची कंप्रता 100 धरली, तर पुढच्या सुमारे 159, 214, 230 अशा येतात. या संख्यांचा मेळ बसत नाही, म्हणून नुसता धबधब आवाज होतो. तबल्यावरील शाई मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असते. तिच्या वजनामुळे याच कंप्रता 1, 2, 3, 4, 5 या प्रमाणाच्या अगदी जवळ येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली हे दाखवून दिले. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून ती कोठे गोळा होते, हेही रामन यांनी पाहिले. जेथे कातडे हलत नाही, तेथेच वाळू थांबते.

आता तबला काळी एकमध्ये लावला आहे असे समजा. 'ना'चा स्वर सुमारे 277 आहे. पुडी मोकळी ठेवून मध्यावर वाजवली, तर त्याच्या निम्म्याच्या आसपासचा, म्हणजे साधारण 139 चा घुमारा येतो. 'ना'मध्ये तो नको असतो. म्हणून अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकवायची. खालच्या स्वरात सबंध पुडी एकदम वरखाली होते, त्यामुळे बोट तो दाबून टाकते. दुसऱ्या स्वरात मात्र पुडीचे दोन अर्धे भाग उलटसुलट हलतात आणि त्यांच्यामधली रेषा स्थिर राहते. ही रेषा बोटाखालूनच जाते, म्हणून 277 चा स्वर वाचतो.

बोट तसेच ठेवून तर्जनी किनारीवर, म्हणजे चाटेवर, आपटून चटकन उचलली की 'ना' वाजतो. कडेच्या आघाताने 416, 554 असे वरचे स्वरही जोरात उठतात, म्हणून तो खणखणीत लागतो. तीच तर्जनी चाट आणि शाई यांच्यामधल्या लवेवर हळुवार मारली, तर वरचे स्वर कमी होतात आणि मऊ 'तिं' ऐकू येतो.

आमचा नववीतला वादक अनामिका जोराने दाबत होता. तसे केले की दुसरा स्वरही मरतो आणि लाकडावर मारल्यासारखा 'टक' होतो. उलट, बोट उचलले तर खालचा घुमारा मिसळतो. तर्जनी पुडीवर रेंगाळली तरी 'टक'च. कोणती चूक होते आहे, हे कानाने लगेच ओळखता येते.

'धा' हा वेगळा आघात नव्हे. उजव्या हाताचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकाच क्षणी पडले, की 'धा' होतो. 'ना'ने गाळलेला खालचा घुमारा येथे डग्गा पुरवतो. डग्ग्यावर मनगट टेकलेले असते आणि बोटे त्याच्या पुढे पडतात. हात थोडा जरी मागेपुढे झाला, तरी 'गे-ना' असे दोन बोल सुटे ऐकू येतात. अशा वेळी आधी दोन्ही हातांचे बोल वेगवेगळे वाजवून पाहावेत, कारण पुष्कळदा बिघडलेल्या 'धा'मध्ये 'ना'च बिघडलेला सापडतो.